थांबे धरून वेग आणि थांबे वगळून वेग: डेक्कन क्वीनचा बाकीचा वेळ जातो कुठे?

तनुजा_चिंचवड

नमस्कार मंडळी. दोन प्रश्न आहेत, एक पुस्तकातला आणि एक रुळावरचा.

पुस्तकातला असा: एक गाडी न थांबता ताशी ५४ किमी वेगाने जाते, थांबे धरून तिचा वेग ताशी ४५ किमी पडतो, तर ती दर तासाला किती मिनिटं थांबते? पुस्तकात उत्तर १० मिनिटं दिलंय. माझं १२ येतं. तासाला ९ किमी कमी पडतात, आणि ४५ च्या वेगाने ९ किमीला १२ मिनिटंच लागतात. यात चूक काय ते कळत नाही.

दुसरा: डेक्कन क्वीन सीएसएमटीहून १७:१० ला सुटते आणि पुण्याला २०:२५ ला पोचते. अंतर १९२ किमी, वेळ ३ तास १५ मिनिटं, म्हणजे सरासरी ताशी ५९. सगळे थांबे मिळून १० मिनिटं उभी राहते असं धरलं, तर चालण्याची वेळ १८५ मिनिटं आणि वेग जेमतेम ६२. थांबे काढून टाकले तरी तीनच किमी वाढले! पण तळेगावच्या आसपास हीच गाडी शंभराच्या घरात पळताना दिसते. मग वेळ नक्की कुठे जातो?

मोजपट्टी

आधी पहिला प्रश्न. तुमचं १२ हे उत्तर चुकीचं नाही, ते दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

घड्याळाचा एक तास घ्या. त्या तासात गाडी ४५ किमी गेली. चाकं फिरत होती तेव्हा वेग ५४ होता, म्हणजे ४५ किमीला ५० मिनिटं लागली. उरलेली १० मिनिटं ती उभी होती. पुस्तक हे विचारतंय: प्रवासाच्या दर तासातली किती मिनिटं उभं राहण्यात गेली.

आता चाकं फिरण्याचा एक तास घ्या. त्यात ५४ किमी झाले. तेच ५४ किमी ४५ च्या वेगाने ७२ मिनिटांत होतात. म्हणजे चालण्याच्या दर तासामागे १२ मिनिटं थांबा. १० आणि १२ दोन्ही खरे, फक्त तास वेगळा आहे. पडताळा हवा असेल तर ५० ला १० म्हणजे ६० ला १२, प्रमाण तेच येतं.

परीक्षेत 'दर तासाला' म्हटलं की घड्याळाचा तास धरायचा. कमी पडलेले किलोमीटर भागिले मोठा वेग, गुणिले ६०. तुम्ही छोट्या वेगाने भागलंत, एवढाच फरक. ९ भागिले ५४ केलं की १० येतं.

अभय_सांगली

दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे, घाट. कर्जत ते लोणावळा २८ किमी गाडी ४० ने चढते असं धरा. बाकीचे १६४ किमी समजा ६९ ने. मग अंतराप्रमाणे सरासरी काढायची. २८ गुणिले ४०, अधिक १६४ गुणिले ६९, भागिले १९२. येतात सुमारे ६५. तनुजाताईंचे ६२ आले, म्हणजे त्यांनी थांबे कमी धरलेत. तीन किमीचा फरक तिथला आहे.

रूळकर

अभयराव, घाट हे कारण बरोबर पकडलंत, पण सरासरीची रीत चुकली, म्हणून तो तीन किमीचा फरक उगाच थांब्यांच्या माथी बसला.

वेगांची सरासरी अंतराच्या वजनाने काढता येत नाही, वेळेच्या वजनाने काढावी लागते. गाडी हळू चालते तिथे ती जास्त वेळ असते, म्हणून हळू तुकडा अंतराने लहान असला तरी सरासरीला जास्त खाली ओढतो. तुमचेच आकडे घ्या. २८ किमी ४० ने म्हणजे ४२ मिनिटं. १६४ किमी ६९ ने म्हणजे जवळजवळ १४३ मिनिटं. बेरीज १८५. १९२ किमी १८५ मिनिटांत म्हणजे ६२. ताईंचा आकडा आला की नाही? रस्त्याचा सातवा हिस्सा घाट आहे, पण वेळेचा चौथ्याच्या जवळपास हिस्सा तिथे जातो. म्हणून वेगाला हात न लावता आधी प्रत्येक तुकड्याची मिनिटं काढावीत आणि वेग सगळ्यात शेवटी एकदाच काढावा. ही सवय लागली की ही चूक होत नाही.

आता तनुजाताईंचा मूळ प्रश्न, वेळ कुठे जातो. घाट बाजूला काढला तरी उरलेल्या १६४ किमीला ६९ च पडतात, तेही गाडी सपाटीवर शंभराच्या घरात जात असताना. थांब्याचा खर्च आपण फक्त उभं राहण्याच्या मिनिटांत मोजतो, तिथे पहिली गफलत होते.

समजा गाडी शंभराने येतेय आणि तिला पुढच्या स्टेशनात थांबायचंय. ब्रेक लावून उभी राहायला साधारण ७० सेकंद लागतात. त्या ७० सेकंदांत ती जेवढं अंतर जाते तेवढं शंभराने ३५ सेकंदांत झालं असतं. म्हणजे थांबण्याआधीच ३५ सेकंद गेली. सुटल्यावर इंजिनाच्या गाडीला पुन्हा शंभर गाठायला १४० सेकंद धरा, त्यातली निम्मी म्हणजे ७० सेकंद वाया. वेग एकसारखा चढतो-उतरतो असं धरलं तर हा निम्म्याचा हिशेब अचूक आहे. प्रत्यक्षात सुरुवातीला वेग भराभर आणि शेवटचे वीस-तीस किमी सावकाश चढतो, म्हणून त्याच १४० सेकंदांत नुकसान निम्म्याहून थोडं कमीच होतं.

एकूण १०५ सेकंद. म्हणजे वेळापत्रकात दोन मिनिटांचा थांबा प्रवासाला पावणेचार मिनिटांना पडतो. पुस्तकातल्या गणितात गाडी एका क्षणात ५४ वरून शून्यावर येते आणि एका क्षणात पुन्हा ५४ होते, त्यामुळे तिथे हा खर्च दिसतच नाही. तुम्ही काढलेल्या ६२ मध्ये मात्र तो दडलेला आहे. थांबे वगळून काढलेला वेग आणि थांबे नसतेच तर पडला असता तो वेग, हे दोन वेगळे आकडे आहेत.

पावणेदहा

म्हणजे एक थांबा रद्द केला की नेमकी किती मिनिटं वाचतात? दोन की पावणेचार?

रूळकर

थांबा कुठे आहे त्यावर अवलंबून आहे. मोकळ्या मार्गावर, दोन्ही बाजूंना शंभर चालत असेल, तर पावणेचार. दादरसारख्या ठिकाणी गाडी मुळातच हळू येते आणि हळू निघते, तिथे वेग उतरवण्या-चढवण्याचा खर्च फार नाही, बहुतांशी उभं राहण्याचीच मिनिटं वाचतील. कर्जतला एका बाजूला घाट लागतो, तिथे निम्माच खर्च धरा.

आणि वाचलेली मिनिटं तुमच्या पदरात पडतील तेव्हा खरं. पुढे दुसरी गाडी असेल तर ती वाचलेली मिनिटं पुढच्या सिग्नलपाशी उभं राहून जातात.

लालपरी_कराड

एसटीचंही हेच आहे का? स्वारगेट ते कोल्हापूर सुमारे २३५ किमी. साडेपाच तास लागले तर सरासरी ४३ पडते. वेगनियंत्रक ८० ला बांधलेला असतो. मग कोणत्या गाडीत बसावं, जिचा वेग जास्त ती ना? निमआरामला वेग जास्त ठेवतात असं ऐकलंय, तर तिचीच सरासरी चांगली पडत असणार.

मोजपट्टी

लालपरी, इथे प्रश्न कोणती गाडी घ्यावी हा नाही, पण तुमचं उदाहरण उत्तम आहे, म्हणून लिहितो. वेगनियंत्रक सगळ्या गाड्यांना ८० च्या पुढे जाऊ देत नाही, त्यामुळे कमाल वेगावरून गाडी निवडण्यात अर्थ नाही. फरक पडतो तो गाडी किती स्टँडांत शिरते यावर.

साताऱ्याचं स्टँड गावात आहे आणि महामार्ग बाहेरून जातो. समजा गाडी तिथे १० मिनिटं उभी राहिली. पण महामार्ग सोडून स्टँडपर्यंत जायला आणि परत महामार्गाला लागायला प्रत्येकी १० मिनिटं लागली, तर थांबा पडला ३० मिनिटांना. सरळ महामार्गाने तेवढ्या टप्प्याला ५ मिनिटं लागली असती, तर खरा तोटा २५ मिनिटांचा. कराडलाही तोच प्रकार. वेळापत्रकात मात्र दहा दहा मिनिटांचेच थांबे दिसतात. बसच्या बाबतीत थांब्याचा मोठा खर्च वेग कमी-जास्त करण्यात नाही, वळसा घेण्यात आहे.

म्हणून विनावाहक विनाथांबा गाडी त्याच बनावटीची आणि त्याच ८० ची असूनही लवकर पोचते. गाडी स्टँडात गेली की वाहतूक नियंत्रकाकडे नोंद, फलाटावर मागे घेणं, पुढच्या गाडीने वाट अडवलेली असणं, हे सगळं आलंच. ते टळलं की सरासरी वाढते.

लालपरी_कराड

बरोबर, कराडला फलाटावरून गाडी मागे काढायलाच पाच मिनिटं जातात. पण जेवणाचा थांबा? तो महामार्गावरच असतो, वळसा काही नाही. तो धरायचा की नाही?

मोजपट्टी

धरायचा. गाडी उभी आहे ना, मग थांबा. फक्त त्याला वळशाचा खर्च नाही, म्हणून २५ मिनिटांचा जेवणाचा थांबा २६-२७ ला पडतो आणि १० मिनिटांचा साताऱ्याचा थांबा २५ ला.

तनुजा_चिंचवड

रूळकरकाका, धन्यवाद. पण अजून हिशेब जुळत नाही. दादर, कर्जत, लोणावळा वगैरे थांब्यांचे वेग कमी-जास्त करण्यातले मिळून सहा मिनिटं धरली, तरी १४३ मधून ६ गेली, १३७ उरली. १६४ किमीला ७२. शंभराच्या घरात चालणारी गाडी ७२ च?

रूळकर

चांगला प्रश्न आहे. अजून दोन थर सोलायचे आहेत.

पहिला, वेळापत्रकातली सैल मिनिटं. वेळापत्रक बांधताना गाडीला लागणाऱ्या खऱ्या वेळेवर थोडी मिनिटं वाढवून दिलेली असतात. त्यातली काही रुळांच्या कामासाठी, कारण कुठे ना कुठे काम चालू असतंच. काही वाहतुकीसाठी, म्हणजे पुढच्या गाडीमुळे अडकावं लागलं तर. ही मिनिटं बहुधा शेवटच्या स्टेशनाच्या आधी किंवा एखाद्या मोठ्या जंक्शनाच्या आधी ठेवलेली असतात. त्याची खूण सोपी आहे. वेळापत्रकात शेवटच्या टप्प्याचा वेग काढा. दादर ते सीएसएमटी ९ किमी आहे. एखाद्या गाडीला त्याला २० मिनिटं दिलेली असतील तर वेग निघतो २७. ती २७ ने चालते असं नाही, तिथे तिला सैल ठेवलंय. म्हणून उशिरा आलेली गाडी शेवटी 'वेळ भरून काढते' असं वाटतं. बऱ्याचदा ती जास्त वेगाने गेलेली नसते, फक्त राखीव मिनिटं वापरलेली असतात.

आपल्या उदाहरणात ही ८ मिनिटं धरा. १३७ मधून ८ गेली, १२९ उरली. १६४ किमी १२९ मिनिटांत म्हणजे ७६.

दुसरा थर, न थांबता पडणारे थांबे. हे मोजायला कोणी जात नाही. रुळाचं काम चालू असेल तर त्या तुकड्यावर वेगाचं बंधन असतं आणि लोको पायलटला त्याची कॉशन ऑर्डर मिळते. समजा एक किमीवर ३० चं बंधन आहे. गाडीचा शेवटचा डबा त्या तुकड्यातून बाहेर पडेपर्यंत वेग वाढवता येत नाही. २२ एलएचबी डब्यांची गाडी अर्ध्या किमीहून लांब असते. म्हणजे ३० ने चालायचं दीड किमी, त्याला ३ मिनिटं. शंभराने त्याच दीड किमीला ५४ सेकंद लागली असती. दोन मिनिटांहून थोडी जास्त गेली. शंभरावरून ३० वर उतरणं आणि परत चढणं याची पाऊण मिनिटाहून जास्त. एकूण तीन मिनिटं. कुठेही न थांबता गाडीने एका मिनिटाच्या थांब्यापेक्षा जास्त वेळ गमावला. तुमच्या 'थांबे वगळून' वेगात हे सगळं चालण्याच्या वेळेत मोडतं.

त्यावर वळणांची कायमची बंधनं आहेत, आणि मुंबईच्या बाजूला लोकलच्या गर्दीतून वाट काढायची आहे. ७६ आणि १०० मधला फरक तिथे आहे. तळेगावला दिसतो तो वेग खरा आहे, पण तो सगळ्या मार्गावर मिळत नाही.

वरची ४२, ६ आणि ८ मिनिटं आपण उदाहरणासाठी धरलेली आहेत. क्रम मात्र हाच ठेवा: एकूण वेळेतून उभी मिनिटं, मग घाट, मग वेग उतरवण्या-चढवण्याचा खर्च, मग सैल मिनिटं. क्रम ठरलेला असला की एकच मिनिट दोनदा वजा व्हायची भीती कमी.

पावणेदहा

सुपरफास्ट म्हणजे कमाल वेग ११० असलेली गाडी ना? मग तिचा सरचार्ज थांबे वगळलेल्या वेगावर ठरतो का?

रूळकर

नाही. सुपरफास्टला कमाल वेगाशी देणंघेणं नाही. ब्रॉडगेजवर दोन्ही दिशांना वेळापत्रकातला सरासरी वेग किमान ५५ असला की गाडी सुपरफास्ट धरतात, आणि तो वेग सुरुवातीच्या स्टेशनापासून शेवटच्या स्टेशनापर्यंत, थांब्यांसकट मोजतात. डेक्कन क्वीन पुण्याकडे ५९ ने आणि मुंबईकडे, ७:१५ ते १०:२५ म्हणजे ३ तास १० मिनिटांत, ६१ च्या जवळ. दोन्ही ५५ च्या वर, म्हणून सुपरफास्ट. ११० ने पळू शकणारी, पण थांबत थांबत जाऊन ५२ पडणारी गाडी सुपरफास्ट ठरत नाही.

आणि हा कागदावरचा वेग आहे. त्या दिवशी गाडी दीड तास उशिरा पोचली तरी सरचार्ज तोच.

अभय_सांगली

अंतराच्या वजनाची चूक लक्षात आली, धन्यवाद. मग एक सांगा. परतीला ५ मिनिटं कमी का? घाट उतरायचा आहे म्हणून?

रूळकर

उतरताना वेगाची बंधनं कडक असतात, त्यामुळे उताराचा फायदा वाटतो तेवढा मिळत नाही. भोर घाटाचा चढ ३७ ला १ आहे, तिथे गाडी आवरणं हेच मोठं काम. चढताना मात्र बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात आणि लोणावळ्याला काढावी लागतात. जोडणं, ब्रेकची तपासणी, सुटणं, हा वेळ फक्त पुण्याकडे जाताना लागतो. पाच मिनिटांचं एक कारण मला ते वाटतं. पण दोन्ही दिशांना सैल मिनिटंही सारखी नसतात, त्यामुळे पाचच्या पाच बँकरच्या नावावर टाकणार नाही.

मुंबई–सोलापूर वंदे भारत बँकरशिवाय घाट चढते, कारण तिची मोटर अनेक डब्यांखाली वाटलेली आहे. तिचा खरा फायदा कमाल वेगापेक्षा इथे आहे. ती शून्यावरून शंभरावर ५२ सेकंदांत जाते असं सांगतात. इंजिनाच्या गाडीच्या १४० सेकंदांशी तुलना करा. निम्म्याच्या हिशेबाने ७० च्या जागी २६ सेकंद वाया. प्रत्येक थांब्यामागे पाऊण मिनिट वाचलं. दहा थांबे असतील तर साडेसात मिनिटं, आणि त्यासाठी कमाल वेगाला हातही लावावा लागला नाही.

मेघना_रत्नागिरी

कोकण रेल्वेवर हिशेब करणाऱ्यांनी एक गोष्ट आधी बघा. तिकिटावरचे किलोमीटर खरे किलोमीटर नाहीत. रोह्याच्या पुढे कोकण रेल्वेच्या हद्दीतलं अंतर भाड्यासाठी ४० टक्के वाढवून धरलेलं असतं. म्हणजे रुळावरचे १०० किमी तिकिटावर १४०. तिकिटाच्या अंतराला वेळेने भागलं तर ताशी ६० ने जाणारी गाडी ८४ ने जाते असं निघतं. कोकणातली गाडी घाटावरच्या गाडीपेक्षा वेगवान दाखवणारे तक्ते बघितले की बहुतेक वेळा हीच चूक असते.

शिवाय मार्गाचा बराच भाग एकेरी आहे. समोरून गाडी येणार म्हणून, म्हणजे क्रॉसिंगसाठी, आपली गाडी स्टेशनात बाजूच्या लाइनीवर उभी राहते. वेळापत्रकात तिथे थांबा लिहिलेला नसतो. तनुजाताईंच्या रीतीने ते चालण्याच्या वेळेत गेलं, आणि माझ्या मते ते चूक आहे. गाडी उभी असेल तर ती उभी आहे, मग प्रवासी चढो न चढो.

पावसाळी वेळापत्रक लागलं की आणखी वेगळं. मुसळधार पावसात पुढचं दिसत नसेल तर ४० ने चालवायचा आदेश असतो, म्हणून वेळापत्रकातच जास्त वेळ दिलेला असतो. जानेवारी आणि जुलैचे आकडे एका रांगेत ठेवू नका.

मोजपट्टी

क्रॉसिंगचं मला पटत नाही. सरासरी कशासाठी काढतो ते बघा. मार्गाची क्षमता समजून घ्यायची असेल तर क्रॉसिंगसाठी उभं राहणं हा मार्गाचाच दोष आहे, तो चालण्याच्या वेळेतच असला पाहिजे. क्रॉसिंग वगळून काढलेला वेग एकेरी मार्गाला दुहेरी मार्गाइतका चांगला दाखवेल.

मेघना_रत्नागिरी

आणि क्रॉसिंग चालण्याच्या वेळेत टाकलं तर इंजिन आणि रूळ हळू आहेत असं दिसेल, तेही खरं नाही. दोन आकडे वेगळे लिहा, छापील थांबे वगळून आणि सगळं उभं राहणं वगळून. एकाच आकड्यात बसवायचा हट्ट नको.

पावणेदहा

हे सगळं उभं राहणं मोजायचं कसं? ॲप 'चालताना सरासरी' दाखवतं, तेच घ्यायचं का?

रूळकर

ॲपचा आकडा घेण्याआधी दोन गोष्टी तपासा. एक, ते कोणत्या वेगाखाली 'उभी' समजतं. काही ॲप ताशी ४-५ किमीच्या खालचं सगळं उभं धरतात, त्यामुळे फलाटात रांगत येणारा शेवटचा टप्पाही गळतो आणि सरासरी फुगते. दोन, बोगदे. भोर घाटात आणि कोकणात बोगद्यात जीपीएस तुटतं. बाहेर आल्यावर ॲप दोन बिंदू सरळ रेषेने जोडतं, वळणाचं अंतर कमी मोजलं जातं आणि वेग कमी दिसतो. घाटातला आकडा म्हणून ॲपवरून घेऊ नये.

हातानेच करायचं तर वहीत तीन रकाने करा: स्टेशन किंवा जागा, चाक थांबलं ती वेळ, चाक फिरलं ती वेळ. सिग्नलला उभी राहिली तरी ओळ लिहायची, शेजारी 'सिग्नल' किंवा 'क्रॉसिंग' अशी खूण करायची. वेळ सेकंदापर्यंत लिहा. दारं उघडली-बंद झाली ती वेळ घेऊ नका, चाकाचीच घ्या.

चालता वेग खिडकीतूनही निघतो. विजेच्या मार्गावर तारेच्या खांबांवर पाटी असते, वर किलोमीटरचा आकडा आणि खाली त्या किलोमीटरातला खांबाचा क्रमांक. वरचा आकडा बदलतो तो पहिला खांब डोळ्यासमोरून गेला की घड्याळ सुरू करा, पुन्हा आकडा बदलला की थांबवा. एक किमी झाला. ३६०० भागिले सेकंद म्हणजे ताशी वेग. ३६ सेकंद आले तर १००, ४० आले तर ९०, ९० आले तर ४०. एका किलोमीटरावर विसंबू नका. दोन सेकंद इकडेतिकडे झाले तर शंभराच्या वेगात पाच-सहा किमीचा फरक पडतो. सलग पाच किलोमीटर मोजा आणि १८००० ला एकूण सेकंदांनी भागा, मग तोच फरक एकाच्या आसपास येतो.

अभय_सांगली

म्हणजे तळेगावचा वेग, घाटातला वेग आणि सरासरी हे तिन्ही एकाच प्रवासात मिळतात. घाटात मात्र बोगद्यात पाट्या दिसणार नाहीत.

रूळकर

दिसणार नाहीत. घाटाचं कर्जत सुटल्याची आणि लोणावळ्याला चाक थांबल्याची वेळ घ्या, मधे कुठे उभी राहिली तर ते वेगळं लिहा. २८ किमी ठरलेलेच आहेत.

तनुजा_चिंचवड

समजलं. मी आता असं मांडलंय, तपासून सांगाल का?

एकूण १९५ मिनिटं, वेग ५९. उभी १० वजा, १८५, वेग ६२. घाटाची ४२ आणि २८ किमी बाजूला, १४३ मिनिटांत १६४ किमी, वेग ६९. वेग उतरवण्या-चढवण्याची ६ वजा, १३७, वेग ७२. सैल ८ वजा, १२९, वेग ७६. प्रत्येक वेळी मिनिटं वजा केली, वेग शेवटी काढला.

पहिल्या प्रश्नाचा पडताळाही याच गाडीवर केला. ६२.३ उणे ५९.१, भागिले ६२.३, गुणिले ६०. दर तासाला ३ मिनिटं थांबा. सव्वातीन तासांना दहाच्या जवळ येतात. जुळलं.

एक शंका उरलीच. बँकर लावायला कर्जतला लागणारा वेळ मी उभ्या १० मध्ये धरला, पण तो घाटामुळेच आहे. तो घाटाच्या ४२ मध्ये टाकायला हवा होता का?

रूळकर

बेरजा बरोबर आहेत. बँकरचं मी घाटात टाकेन, घाट नसता तर ती मिनिटं लागलीच नसती.

मोजपट्टी

मी थांब्यातच ठेवेन. त्याच वेळात प्रवासीही चढतात-उतरतात, ते वेगळं कसं काढणार? कुठेही ठेवा, पण परतीच्या प्रवासाशी तुलना करताना दोन्हीकडे एकच रीत ठेवा, नाहीतर त्या पाच मिनिटांचा हिशेब पुन्हा चुकेल.